पन्नास ठिपके, १२२५ रेषा: ‘यात कसली कला?’ असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत आमचा चित्रकलेचा क्लास चालायचा. तिथे येणारी बहुतेक मुलं इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवून आलेली असायची. पितळी तांब्यावरची चकाकी, चादरीच्या घडीतली सावली, कोपऱ्यातून दिसणारी खुर्ची, हे सगळं त्यांनी घोटून घोटून हातात बसवलेलं. अशा मुलांना कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराच्या, नुसत्या १२० विटा मांडून केलेल्या कलाकृतीचा फोटो दाखवला की वर्गात आधी शांतता पसरायची आणि मग कुणीतरी म्हणायचं, ‘‘सर, आमच्या बिल्डिंगखाली रीडेव्हलपमेंटच्या अशा विटा किती पडल्यात!’’

या मुलांचा राग मला पटतो. हात तयार करायला आयुष्यातली सहा-सात वर्षं घालवल्यावर हात लागतच नाही अशी कलाकृती समोर आली, तर फसवल्यासारखं वाटणारच. म्हणून मी वाद घालत नाही. एक कृती करायला देतो. तीच इथे पायरीपायरीने सांगतो. एक भिंत, तीन माणसं आणि एका आठवड्याच्या संध्याकाळी मिळाल्या तर तुम्हालाही ती करता येईल.

आधी ते वाक्य वाचा

सोल लेविट हा अमेरिकन कलावंत (१९२८–२००७). १९६७ साली ‘आर्टफोरम’ या मासिकात त्याने संकल्पनात्मक कलेवर एक छोटा लेख लिहिला. कल्पनाच कला घडवणारं यंत्र बनते, असं त्यात त्याने म्हटलं. सगळे निर्णय आधी घेऊन टाकायचे, मग प्रत्यक्ष काढणं हे फक्त पार पाडायचं काम उरतं, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत त्याने पहिलं भित्तिरेखाटन केलं. पुढे त्याची अशी बाराशेहून जास्त रेखाटनं झाली. त्यातली बहुतेक इतरांनी काढली. लेविटने लिहून दिली ती सूचना.

आपण घेणार आहोत ते ११८ क्रमांकाचं, १९७१ सालचं. बोस्टनमधल्या एका कलाशाळेसाठी केलेलं, म्हणजे मुळातच विद्यार्थ्यांच्या हातचं. सूचना साधारण अशी: भिंतीच्या कुठल्याही सलग भागावर कठीण पेन्सिलीने पन्नास ठिपके यदृच्छेने, म्हणजे जागा स्वतः न निवडता, द्या, ठिपके भिंतभर सारखे पसरलेले असावेत, सगळे ठिपके एकमेकांना सरळ रेषांनी जोडा.

झालं. चित्र नाही, मापं नाहीत. वर्गात एवढंच फळ्यावर लिहायचं आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. घाईत वाचणाऱ्याला ही सूचना सोपी वाटते. नीट वाचणारा ‘यदृच्छेने’ आणि ‘सारखे पसरलेले’ या दोन शब्दांपाशी अडतो, कारण हे दोन्ही एकाच वेळी कसं जमायचं? आमच्या वर्गात ही अडचण एका मुलीने पेन्सिल हातात घेण्याआधीच दाखवून दिली. तोवर तीच सगळ्यात जोरात विरोध करत होती.

पायरी पहिली: कागदावर दहा ठिपके

सरळ भिंतीवर जाऊ नका. ए-थ्री कागदाचे पाच उभे आणि दोन आडवे भाग मनात धरा, प्रत्येक भागात एक याप्रमाणे दहा ठिपके द्या आणि सगळे सगळ्यांना जोडा. पहिल्या ठिपक्यातून नऊ रेषा निघतील, दुसऱ्यातून आठ (एक आधीच काढलेली असते), तिसऱ्यातून सात. बेरीज ४५. अर्ध्या तासाचं काम आहे.

याच हिशेबाने पन्नास ठिपक्यांना ४९ + ४८ + ४७ असं करत १ पर्यंत यायचं. बेरीज १२२५ होते. ठिपके पाचपट केले तर रेषा सत्तावीसपट झाल्या, हे मुलांना कागदावर दिसलं पाहिजे. सूचनेत १२२५ हा आकडा कुठेही नाही, तरी तो त्या वाक्यातच दडलेला आहे. यंत्र म्हणजे काय, ते इथे कळायला लागतं.

पायरी दुसरी: भिंत आणि सामान

आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार होती, त्यामुळे मालकांनी मागच्या खोलीतली भिंत बिनदिक्कत दिली. तुम्हाला मिळेल त्या भिंतीवर आधी कपाटामागच्या कोपऱ्यात चार रेषा मारून बघा. ऑइलपेंटच्या चकचकीत भिंतीवर पेन्सिल घसरते. नुसत्या पुट्टीवर कठीण पेन्सिल रुतते आणि चर पडतो. मॅट प्लास्टिक पेंटची भिंत सगळ्यात चांगली. पावसाळ्यात ओल आलेली भिंत तर नकोच, फुगलेला रंग पट्टीबरोबर निघून येतो.

पेन्सिल ४एच किंवा ६एच घ्या. सूचनेतला ‘कठीण’ हा शब्द उगाच आलेला नाही. आमच्या पहिल्या वर्षीच्या मुलांनी एचबी वापरली, काळी दिसते म्हणून. सहाशेच्या आसपास रेषा झाल्या तेव्हा मधला भाग हाताच्या तळव्यांनी आणि पट्टीच्या घासण्याने राखाडी ढगासारखा झाला. रेषा दिसेनात. खोडरबर लावलं तर डाग आणखी पसरला आणि त्या जागी भिंत चमकायला लागली. सगळं पुसून, रंगाचा हात देऊन पुन्हा सुरुवात करावी लागली. कठीण पेन्सिलीची रेषा फिकट असते खरी, पण ती जागची हलत नाही. १२२५ फिकट रेषा एकावर एक आल्या की काळोख आपोआप भरतो.

१० फूट बाय ५ फूट जागेत सगळ्यात लांब रेषा अकरा फुटांच्या आसपास जाऊ शकते आणि तेवढी पट्टी स्टेशनरीच्या दुकानात नसते. खिडक्यांचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे अ‍ॅल्युमिनियमच्या बारा फुटी सेक्शन असतात. चपट्या बाजूची एक सरळ बघून आणा. दोघांनी दोन टोकं धरायची, तिसऱ्याने रेषा ओढायची. सेक्शन मिळालीच नाही तर दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणून त्याखाली दर दोन फुटांवर बारीक खूण करा आणि खुणा छोट्या पट्टीने जोडा. चार फुटी पट्टी नुसती पुढेपुढे सरकवत गेलात तर रेषा वाकते आणि शेवटी ठिपका चुकवून जाते.

पायरी तिसरी: ठिपके

खरी गोची इथेच होते, म्हणून इथे सावकाश चला.

आमच्याकडे तीन प्रकार झाले. पहिल्या गटाने सरळ पाच ओळींत दहा-दहा ठिपके दिले. सारखे पसरलेले होते, पण यदृच्छा कुठेच नव्हती. शिवाय एका ओळीतले दहाही ठिपके एकाच सरळ रेषेत आल्यामुळे त्यांच्यातल्या ४५ रेषा एकमेकींवर चढून डोळ्याला एकच रेष दिसणार. कागदावर करून पाहिल्यावर त्या गटाने स्वतःच हा बेत सोडला. दुसऱ्या गटाने डोळे मिटून पेन्सिल टेकवली. उंचीमुळे सगळ्यांचा हात खांद्याच्या पट्ट्यातच फिरला, वरचा आणि खालचा भाग मोकळा राहिला. तिसरा गट म्हणाला, आम्ही अंदाजाने विखरून देतो. तो प्रकार दिसायला चांगला झाला, पण मी त्यांना विचारलं, हा ठिपका इथेच का? तर उत्तर आलं, ‘‘सर, इथे बरा दिसतो.’’ म्हणजे ते रचना करत होते. जी सवय बाजूला ठेवायची, तीच वापरत होते.

शेवटी जे ठरलं ते असं. भिंतीवर १० फूट बाय ५ फूट जागा घेतली. तिचे एक-एक फुटाचे ५० चौरस होतात. चौरस पेन्सिलीने न आखता कडेला टेप लावून दोरे ताणले, म्हणजे नंतर खोडायला नको. एका डब्यात १ ते ११ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चौरसासाठी दोनदा चिठ्ठी काढायची: पहिली डाव्या कडेपासून किती इंच, दुसरी खालून किती इंच. उदाहरणार्थ पहिल्या चौरसात ७ आणि २ आले, तर डावीकडून सात इंच, खालून दोन इंच. चिठ्ठी लगेच परत डब्यात. दर चौरसात एक ठिपका म्हणून पसरण सारखी राहिली. चौरसाच्या आत कुठे, ते चिठ्ठीने ठरवलं म्हणून यदृच्छाही राहिली. प्रत्येक ठिपक्याला शेजारी बारीक क्रमांक, तोही कागदी टेपवर.

लेविटने ही पद्धत सांगितलेली नाही, ती आमची. मग हे चालतं का? चालतं. १९७१ मध्येच त्याने लिहिलंय की कलावंताच्या योजनेचा अर्थ काढणारा आपापल्या अनुभवाने तो काढणार, दोन माणसं तेच काम दोन तऱ्हांनी करणार, आणि योजना पार पाडताना होणाऱ्या चुकाही कामाचाच भाग असतात. म्हणजे काढणारा नुसता हमाल नाही. त्याला वाक्य समजून घ्यावं लागतं.

पायरी चौथी: १२२५ रेषा

वहीत पन्नास ओळी आणि पन्नास रकाने आखा आणि तिरका छेद देऊन त्या छेदावरच्या आणि त्याच्या एका बाजूच्या सगळ्या घरांवर काट मारा. उरलेल्या १२२५ घरांत, रेषा झाली की टिंब. ही वही नसेल तर काम बिघडतंच. आमच्या एका गटाचा २३ क्रमांकाचा ठिपका तीन वेळा राहून गेला होता. भिंतीकडे बघून ते कळणं अशक्य, कारण तोवर शेकडो रेषांचं जाळं झालेलं. वहीत मात्र तीन घरं रिकामी दिसली आणि दोन मिनिटांत पत्ता लागला.

क्रम असा ठेवा: १ पासून सगळ्या, मग २ पासून सगळ्या. मधूनच सोपी, जवळची रेषा उरकून घ्यायचा मोह होतो, तो टाळा. दर पंधरा-वीस रेषांनंतर पेन्सिलीला टोक करा आणि ओढताना ती बोटांत थोडी फिरवत राहा, नाहीतर रेषेची जाडी बदलते. रेषेला सरासरी एक मिनिट धरलं तर एका गटाला वीस तास लागतात. आम्ही दोन गट केले, पण दोन्ही गटांच्या सेक्शन एकमेकींना आडव्या यायच्या, त्यामुळे वेळ निम्मा झाला नाही. रोज दोन-अडीच तास धरून सहा संध्याकाळी गेल्या.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, कंटाळा येतोय. माझ्या मनाने काही करताच येत नाही.’’ त्याला मी म्हटलं, हे वहीत लिहून ठेव. कारण हाच या कामाचा स्वभाव आहे. सुंदर रेषा, जोरकस रेषा, हळवी रेषा, यातलं इथे काही नाही. ज्याचा हात सगळ्यात तयार आणि ज्याचा सगळ्यात कच्चा, दोघांच्या रेषा सारख्याच दिसतात.

पायरी पाचवी: आता बघा

शेवटची रेषा झाली की दोरे, टेप, क्रमांक काढून टाका आणि आठ-दहा फूट मागे जा.

मधला भाग गडद होतो. कडेकडे जाळं विरळ होत जातं. चारी कोपरे मोकळे राहतात आणि बाहेरची कड वाकडीतिकडी बहुकोनी होते. जवळ गेलं की गडद भागात बारीक पांढरे त्रिकोण दिसतात, एकही दुसऱ्यासारखा नाही. आमच्या भिंतीवर उजवीकडच्या वरच्या भागात एक ठिपका चिठ्ठीने अगदी काठाला गेला होता. त्याच्यातून सुटलेल्या ४९ रेषा पंख्यासारख्या उघडल्या होत्या आणि सगळ्यांची नजर तिथे जायची.

मग मी प्रश्न विचारतो: मधे गडद करायचं कुणी ठरवलं? तो पंखा कुणी काढला? लेविटने नाही, त्याने ही भिंत पाहिलेली नाही. मुलांनीही नाही, त्यांनी तर फक्त वही भरली. गडदपणा आला तो सूचनेतून: कडेच्या ठिपक्यांना एकमेकांकडे जायचं तर बहुतेक वेळा मधूनच जावं लागतं. पंखा आला तो चिठ्ठीतून. ‘मीही काढलं असतं’ हे म्हणणं इथे खरं ठरतं, कारण तुम्हीच तर काढलंत. आता प्रश्न उरतो तो असा की हे वाक्य तुम्ही लिहिलं असतंत का?

एका विद्यार्थिनीच्या आई तिला न्यायला आल्या होत्या. बघून म्हणाल्या, ‘‘ठिपक्यांची रांगोळीच की ही!’’ मला ते फार आवडलं, कारण निम्मं बरोबर आहे. रांगोळीच्या पुस्तकातलं ‘पंधरा ठिपके पंधरा ओळी’ ही सूचनाच असते, ती कुणीही घालावी, आणि दुपारी पाय लागून पुसली गेली तरी रांगोळी संपत नाही. फरक एवढाच की पुस्तकात शेजारी पूर्ण रांगोळीचं चित्र असतं. इथे ते कुठेच नसतं.

साधं दिसतं ते सगळं एकच नसतं

आता त्या विटांकडे येऊ. आंद्रेने १९६६ मध्ये न्यूयॉर्कला आठ रचना मांडल्या. प्रत्येकीत १२० विटा, दोन थरांत, म्हणजे एका थरात ६०. साठ विटा ३×२०, ४×१५, ५×१२ किंवा ६×१० अशा मांडता येतात आणि विटांची दिशा फिरवली की चाराचे आठ आकार होतात. विटा तेवढ्याच, घनफळ तेवढंच, तरी एक रचना वाटेसारखी लांब पळते आणि दुसरी ओट्यासारखी बसते. लंडनच्या टेट गॅलरीने त्यातली आठवी, ६×१० ची, १९७२ साली घेतली आणि १९७६ मध्ये वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला. लोकांसमोर एकाच रचनेचा फोटो होता. आठांमधलं नातं त्यात दिसणारच नव्हतं.

हा मिनिमलिझम, म्हणजे साध्यातल्या साध्या आकाराची वस्तू तशीच समोर ठेवणारी कला. इथे सूचना वाचून भागत नाही, जेमतेम १३ सेंटिमीटर उंचीची ती गोष्ट पायाशी असताना तिच्याभोवती फिरावं लागतं. घरी २४० काड्यापेट्या घेऊन आठपैकी दोन आकार जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि उभ्याने बघा. टेबलावर मांडू नका, जमिनीवर असण्याला महत्त्व आहे.

आणि नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०), बडोद्याला शिकवणाऱ्या. त्यांची पेन आणि पेन्सिलीतली रेषाचित्रं लेविटच्या जवळची दिसतात म्हणून मुलं त्यांना एकाच खणात टाकतात. ते चूक आहे. नसरीन यांची रेषा दुसऱ्याला काढायला देता येत नाही. तिची जाडी, दोन रेषांमधलं अंतर, कुठे थांबायचं, हे सगळं त्यांच्या हाताने आणि नजरेने ठरलेलं आहे. म्हणून चित्र कितीही साधं दिसलं तरी आधी विचारा: हे दुसऱ्याने केलं तर तेच काम राहील का? ‘हो’ आलं तर त्यामागचं वाक्य शोधा. ‘नाही’ आलं तर हात बघा.

पायरी सहावी: तुमचं वाक्य

प्रत्येकाने जास्तीत जास्त तीन ओळींची सूचना लिहायची. ती दुसऱ्याने पार पाडायची. लिहिणाऱ्याने खोलीबाहेर थांबायचं, काही समजावून सांगायचं नाही.

पहिल्या फेरीत बहुतेक सूचना पडतात आणि त्या पडतात कशा, तेच शिकण्यासारखं आहे. ‘मनात येईल ते रंग भरा’ ही सूचनाच नव्हे. तिने निर्णय घेतलेला नाही, तो दुसऱ्यावर ढकललाय. ‘कागदाच्या मध्यावर पाच सेंटिमीटरचं वर्तुळ काढा’ यात उलट दोष आहे. लिहिणाऱ्याला शेवट आधीच दिसतोय, मग काढायचं कशाला? आमच्याकडे टिकलेली एक सूचना अशी होती: ‘खिडकीतून दिसणारी प्रत्येक वायर एकाच लांबीच्या रेषेने दाखवा, रेषा एकमेकींना टेकू नयेत.’ तीन जणांनी ती नौपाड्यातल्या तीन खिडक्यांतून केली. केबलच्या गुंत्यावर उघडणाऱ्या खिडकीचा कागद रेषांनी इतका भरला की ‘टेकू नयेत’ पाळायला रेषा अर्ध्या इंचावर आणाव्या लागल्या. मागच्या गल्लीच्या खिडकीतून फक्त सात निघाल्या. एकच वाक्य, पण त्याने प्रत्येक जागेचं वेगळं काहीतरी बाहेर काढलं.

हे करून झाल्यावर सगळी संकल्पनात्मक कला तुम्हाला आवडेल असं नाही, आवडायलाही नको. काही कामांत वाक्य इतकं ढिलं असतं की भिंतीवरची टीप वाचल्याशिवाय हाती काहीच लागत नाही, आणि वाचल्यावर वस्तूकडे बघायची गरज उरत नाही. त्यांना कच्चं म्हणायला घाबरू नका. पण तसं म्हणताना बोट हाताच्या सफाईवर नको, वाक्यावर ठेवा.

मालकी आणि भिंत

तुमचं भिंतीवरचं रेखाटन हे लेविटचं अस्सल काम ठरत नाही. त्याची कामं विकली जातात तेव्हा खरेदीदाराला सहीचं प्रमाणपत्र आणि आकृती मिळते. ती ज्याच्याकडे, त्याला ते काम भिंतीवर उभं करण्याचा हक्क. प्रदर्शन संपलं की भिंत रंगवून टाकतात. त्याच्या मृत्यूनंतर, २००८ मध्ये, अमेरिकेतल्या मॅस मोका संग्रहालयात त्याची १०५ भित्तिरेखाटनं खुली झाली. ती साठाहून जास्त कलावंतांनी आणि विद्यार्थ्यांनी काही महिने खपून काढली आणि २०४३ पर्यंत ठेवायचं ठरलंय. आपण करतो तो सराव. त्याचे फोटो कुठे टाकलेत तर खाली तसं लिहा.

भिंत परत द्यायची असेल तर आधी प्राइमरचा एक हात मारा आणि मगच रंग, नाहीतर गडद मधला भाग पातळ रंगातून वर दिसत राहतो. आमच्यावर ती वेळ आली नाही. दिवाळीनंतर इमारत पाडली. त्याआधी त्या सगळ्यात जोरात विरोध करणाऱ्या मुलीने चिठ्ठ्यांचे शंभर आकडे वहीत उतरवून घेतले होते, पुढे हेच चित्र जसंच्या तसं काढता यावं म्हणून. मी तिला विचारलं, सूचनेत हे आकडे आहेत का? ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. आता आमचा क्लास कळव्याला भरतो, तिथल्या भिंतीवर नवी बॅच जुलैत सुरुवात करणार आहे. शिकवायला तीच येते. चिठ्ठ्यांचा डबा तिने आणलाय, ती वही मात्र घरीच ठेवली आहे.